एकाच वर्षी फिटणारे दोन सरकारी रोखे, ९.२० चा आणि ५.७७ चा : कूपन, करंट यील्ड आणि वायटीएम यांचा मेळ कसा घालावा?

माणदेशी (धागालेखक)

नमस्कार. निवृत्तीनंतर हाती आलेल्या रकमेपैकी साधारण दहा लाख रुपये केंद्र सरकारच्या रोख्यांत ठेवावेत असा विचार आहे. रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्टवर खाते उघडून झाले आहे. यादी पाहताना दोन रोख्यांपाशी अडलो. एक आहे ९.२० टक्के कूपनचा, म्हणजे दर्शनी किमतीवर दरसाल तेवढे व्याज देणारा, ३० सप्टेंबर २०३० ला फिटणारा, आणि दुसरा ५.७७ टक्के कूपनचा, ३ ऑगस्ट २०३० ला फिटणारा. कर्जदार तोच, म्हणजे भारत सरकार, आणि परतफेडीच्या तारखांत दोन महिन्यांचेही अंतर नाही.

भाव रोज हलतात, म्हणून चर्चेच्या सोयीसाठी असे धरू : ३० सप्टेंबर २०२५ ला सौदा पुरा झाला, दोन्ही रोख्यांना बरोबर पाच वर्षे उरली आहेत, आणि शंभर रुपये दर्शनी किमतीमागे पहिल्याचा भाव १११ रुपये ३७ पैसे, तर दुसऱ्याचा ९६ रुपये ९३ पैसे आहे. मी स्वतः करंट यील्ड, म्हणजे वर्षाचे कूपन भागिले आजचा भाव, काढून पाहिले. पहिल्याचे ८.२६ टक्के येते आणि दुसऱ्याचे ५.९५ टक्के. मात्र या भावांना वायटीएम, म्हणजे रोखा मुदतपूर्तीपर्यंत ठेवल्यास पडणारा वार्षिक परतावा, दोन्हींचे ६.५० टक्केच येते असे जावईबापूंनी संगणकावर काढून दाखवले.

माझा प्रश्न असा, की ज्या रोख्यावर दरसाल सव्वाआठ टक्के हातात पडतात आणि ज्यावर सहा टक्केही पडत नाहीत, त्या दोघांचा परतावा सारखा कसा? आणि मला खर्चासाठी नियमित उत्पन्न हवे असेल, तर मी यांपैकी कोणता आकडा पाहावा?

आकडेमोड

काका, करंट यील्ड हा अर्धाच हिशोब आहे. ९.२० च्या रोख्यासाठी आपण १११.३७ रुपये मोजणार, पण २०३० मध्ये सरकार शंभरच परत करणार. म्हणजे ११.३७ रुपये पाच वर्षांत बुडाले, दरसाल २.२७ रुपये. आपण गुंतवलेल्या १११.३७ वर ते २.०४ टक्के होतात. ८.२६ मधून २.०४ वजा करा, उरतात ६.२२ टक्के. दुसऱ्या रोख्यावर उलट ३.०७ रुपये मिळणार, म्हणजे दरसाल ६१ पैसे, टक्केवारीत ०.६३. ते ५.९५ मध्ये मिळवले की ६.५८ होतात.

तेव्हा जावईबापूंच्या गणितात काहीतरी गोलमाल असावा. दोन्हींचा परतावा सारखा नाही, ५.७७ चा रोखा सरळसरळ वरचढ आहे. माझे मत विचाराल तर दर्शनी किमतीच्या वर मिळणारा रोखा सामान्य माणसाने घेऊच नये. खात्रीचा तोटा विकत कशाला घ्यायचा?

ट्रेझरीतला

आकडेमोड यांची दिशा बरोबर आहे, पण मुक्काम चुकला. जावईबापूंचे ६.५० बरोबर आहे.

आपण ११.३७ रुपयांचे पाच सारखे तुकडे केलेत आणि दरवर्षीचा तुकडा कायम १११.३७ शी ताडून पाहिलात. प्रत्यक्षात अडकलेली रक्कम दर सहा महिन्यांनी कमी होत जाते. सहामाही हिशोब मांडून पाहा. पहिल्या सहामाहीत १११.३७ रुपयांवर ३.२५ टक्क्यांनी खरे व्याज होते ३ रुपये ६२ पैसे. हातात कूपन मात्र ४ रुपये ६० पैसे येते. जास्तीचे ९८ पैसे व्याज नव्हे, ते आपलेच मुद्दल परत आलेले आहे. आता अडकलेली रक्कम उरली ११०.३९, आणि पुढच्या सहामाहीचे खरे व्याज तिच्यावर मोजायचे. असे करत गेलात की शेवटच्या सहामाहीच्या सुरुवातीला रोख्याची किंमत १०१.३१ असते. त्या सहामाहीत खरे व्याज ३.२९, कूपन तेच ४.६०, आणि मुद्दल परत आले १.३१. उरले नेमके शंभर, आणि तेच सरकार फेडते.

म्हणून ‘बुडाले’ हा शब्द मला मान्य नाही. ते ११.३७ रुपये कूपनांतून आधीच आपल्या खिशात आलेले असतात. ज्याने ते व्याज समजून खर्च केले, त्यालाच शेवटी तोटा झाल्यासारखे वाटते.

५.७७ च्या रोख्यात हेच उलट्या बाजूने घडते. पहिल्या सहामाहीत ९६.९३ वर खरे व्याज ३ रुपये १५ पैसे होते, पण कूपन येते २ रुपये ८८ पैशांच्या आसपास. उरलेले सुमारे २६ पैसे सरकारकडे साचतात आणि ते सगळे शेवटी शंभराच्या रूपाने एकदम मिळतात.

मी जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका सहकारी बँकेच्या ट्रेझरीत काम केले आहे. तिथे मुदतपूर्तीपर्यंत ठेवायच्या रोख्यासाठी दर्शनी किमतीपेक्षा जास्त मोजलेली रक्कम उरलेल्या मुदतीत वाटून उत्पन्नातून वजा करावीच लागते. ती केली नाही तर तपासणीत शेरा येतो. घरचा गुंतवणूकदार मात्र आलेले सगळे कूपन उत्पन्न म्हणून लिहितो, कारण त्याला विचारणारे कोणी नसते.

पडताळा पाहायचा असेल तर कोणत्याही स्प्रेडशीटमध्ये हे दोन सूत्र टाका :

```
=YIELD(DATE(2025,9,30),DATE(2030,9,30),9.2%,111.37,100,2,4)
=YIELD(DATE(2025,9,30),DATE(2030,9,30),5.77%,96.93,100,2,4)
```

दोन्हींचे उत्तर ६.५० येईल. शेवटून दुसरा आकडा २ आहे, कारण कूपन वर्षातून दोनदा मिळते. शेवटचा ४ म्हणजे महिना तीस दिवसांचा आणि वर्ष ३६० दिवसांचे. आपल्या सरकारी रोख्यांचा रिवाज तोच आहे. दुसऱ्या रोख्याची तारीख मी काकांच्या गृहीतकाप्रमाणे ३० सप्टेंबरच ठेवली आहे.

आकडेमोड

मान्य. मग हातावर करायची एखादी सोपी रीत नाहीच का?

ट्रेझरीतला

आहे, आणि ती आपल्याच रीतीच्या अगदी जवळची आहे. दरसालचा तोटा किंवा नफा धरून आलेली रक्कम आजच्या भावाने भागण्याऐवजी भाव आणि शंभर यांच्या सरासरीने भागा. पहिल्या रोख्यासाठी ९.२० वजा २.२७, म्हणजे ६.९३, त्याला १०५.६९ ने भागले की ६.५५ येते. दुसऱ्यासाठी ६.३८ ला ९८.४७ ने भागले की ६.४८. अडकलेली रक्कम हळूहळू शंभराकडे सरकते हे सरासरीमुळे ढोबळपणे हिशोबात येते. सौदा करण्यापूर्वी अंदाज घ्यायला एवढे पुरते. मुदत लांब आणि भाव शंभरापासून फार दूर असेल, तर मात्र ही रीत पुन्हा घसरते.

माणदेशी

धन्यवाद. हिशोब वहीत उतरवून घेतला. एक शंका राहिली. दोन्ही रोखे एकाच सरकारचे, मग एकाला ९.२० आणि दुसऱ्याला ५.७७ असे कूपन मुळात मिळालेच कसे?

ट्रेझरीतला

रोखा ज्या दिवशी जन्माला आला, त्या दिवशीच्या बाजाराची ती नोंद आहे. ९.२० चा रोखा सप्टेंबर २०१३ च्या अखेरीचा आहे. त्या उन्हाळ्यापासून रुपया घसरत होता, जुलैत रिझर्व्ह बँकेने बँकांना मिळणारी तातडीची उधारी १०.२५ टक्क्यांवर नेली होती, आणि २० सप्टेंबरला रेपो दर वाढवून ७.५० केला होता. ५.७७ चा रोखा ऑगस्ट २०२० चा, म्हणजे करोनाच्या काळातला. तेव्हा रेपो ४ टक्के होता. कूपन एकदा ठरले की ते बदलत नाही, त्यामुळे पुढच्या सगळ्या बदलांचा भार भावाला सोसावा लागतो. आज पाच वर्षांच्या सरकारी कर्जाला बाजार ६.५० मागत असेल, तर ९.२० वाल्याचा भाव शंभराच्या वर जाऊन त्याचा परतावा ६.५० पर्यंत खाली येतो आणि ५.७७ वाल्याचा भाव खाली उतरून त्याचा परतावा तिथपर्यंत वर चढतो.

म्हणूनच या तीन आकड्यांचा क्रम ठरलेला असतो. भाव शंभराच्या वर असेल तर कूपन सर्वांत मोठे, त्याखाली करंट यील्ड आणि सर्वांत खाली वायटीएम. शंभराच्या खाली असेल तर बरोबर उलट. करंट यील्ड नेहमी मधे राहते, कारण आज किती मोजले एवढेच त्याला कळते, शेवटी किती परत मिळणार हे त्याला ठाऊक नसते. कोणी आपल्याला शंभराच्या वरच्या भावाचा रोखा दाखवून त्याचे वायटीएम करंट यील्डपेक्षा जास्त सांगत असेल, तर कुठलातरी आकडा चुकीचा टाकला आहे हे गणित न करताही ओळखता येते.

सुमेधा_प

चर्चा सरकारी रोख्यांची आहे हे माहीत आहे, पण माझा अनुभव याच क्रमाशी निगडित वाटतो म्हणून लिहिते. बाबांसाठी मी एका कंपनीचा एनसीडी, म्हणजे शेअरमध्ये न बदलणारा कर्जरोखा, शेअर बाजारातून घेतला होता. दर्शनी किंमत १,००० रुपये, कूपन ९ टक्के, व्याज वर्षातून एकदाच. ब्रोकरच्या पडद्यावर भाव १,०८५ दिसत होता. मी ९० ला १,०८५ ने भागले, करंट यील्ड ८.२९ आले, आणि हा बराच प्रीमियमवर आहे असे समजून वायटीएम काढले, तर ते फारच कमी दिसले. तरी बाबांना हवा होता म्हणून घेतला. महिनाभराने व्याज जमा झाले आणि भाव एकदम हजारावर आला. बाबा म्हणाले, पंच्याऐंशी रुपये गेले. मी आजतागायत त्यांना नीट समजावू शकलेले नाही.

ट्रेझरीतला

सुमेधाताई, आपला रोखा प्रीमियमवर नव्हताच. मागच्या व्याजापासून अकरा महिने झाले होते, म्हणजे ९० पैकी ८२ रुपये ५० पैसे व्याज आधीच साठलेले होते आणि आपल्याला दिसणाऱ्या भावात ते मिसळलेले होते. ते वजा केले की मूळ भाव १,००२ रुपये ५० पैसे राहतो, करंट यील्ड ८.९८ होते आणि वायटीएमही नऊच्या जवळपास येते. व्याजाची तारीख उलटल्यावर भावातून साठलेले व्याज निघून गेले आणि तेच बाबांच्या खात्यात आले. त्यांना बँकेच्या खात्यातली ९० रुपयांची नोंद दाखवा, म्हणजे पटेल.

इतरांसाठी सांगतो : सरकारी रोख्यांच्या बाजारात भाव साठलेले व्याज सोडून सांगितला जातो आणि ते व्याज सौद्याच्या पावतीवर वेगळे दाखवून घेतले जाते. काकांनी ३० सप्टेंबरऐवजी ३० डिसेंबरला ९.२० चा रोखा घेतला, तर शंभरामागे २ रुपये ३० पैसे जास्तीचे द्यावे लागतील आणि मार्चमध्ये पूर्ण ४.६० मिळतील. करंट यील्ड काढताना किंवा वरच्या सूत्रात भाव भरताना हे २.३० त्यात धरायचे नाहीत. शेअर बाजाराच्या पडद्यावर घेणाऱ्यांनी मात्र भाव व्याज धरून आहे की सोडून, हे आधी विचारावे. मागच्या व्याजाच्या दिवशी भावाने अचानक पायरी उतरलेली आलेखात दिसत असेल, तर व्याज धरून आहे असे समजायला हरकत नाही.

बेलापूर_लोकल

९.२० चा रोखा सरकारने मधेच परत घेतला तर? माझ्याकडे एका बँकेचा पर्पेच्युअल बाँड आहे, त्यात पाच वर्षांनी परत घेण्याचा हक्क बँकेला होता. १०४ ला घेतलेला, हातात आले शंभर.

ट्रेझरीतला

या दोन सरकारी रोख्यांत तशी अट नाही. आपल्या बाँडची गोष्ट वेगळी आहे. त्याला मुदतपूर्तीच नसते, म्हणून जाहिरातीतले यील्ड बहुधा परत घेण्याच्या तारखेपर्यंतचे असते आणि बँक ती तारीख पाळायला बांधलेली नसते. शंभराच्या वर घेतलेला असा बाँड लवकर परत घेतला गेला की प्रीमियम थोड्या काळात फेडावा लागतो, म्हणून परतावा घसरतो. शिवाय २०२० च्या मार्चमध्ये येस बँकेचे अशा प्रकारचे बाँड पूर्णपणे शून्य केले गेले, त्यापुढे तर कोणतेच यील्ड उपयोगाचे नव्हते. या विषयासाठी वेगळा धागा काढावा.

माणदेशी

माझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. मला कूपन पुन्हा गुंतवायचे नाही, खर्च करायचे आहे. मग माझ्यासाठी करंट यील्ड हाच खरा आकडा नाही का? दहा लाखांवर दरसाल ब्याऐंशी हजार आणि साठ हजार यांत महिन्याला जवळपास दोन हजारांचा फरक पडतो. पेन्शन तुटपुंजी असलेल्या माणसाला तो मोठा असतो.

ट्रेझरीतला

दहा लाखांचेच उदाहरण पूर्ण करू. रिटेल डायरेक्टवर दहा हजारांच्या पटीत दर्शनी किंमत घ्यावी लागते.

९.२० चा रोखा ९ लाख दर्शनी किमतीचा घेतलात तर १०,०२,३३० रुपये लागतील, दरसाल ८२,८०० मिळतील आणि २०३० मध्ये ९,००,००० परत येतील. ५.७७ चा १०,३०,००० दर्शनी किमतीचा घेतलात तर ९,९८,३७९ रुपये लागतील, दरसाल ५९,४३१ मिळतील आणि शेवटी १०,३०,००० येतील. म्हणजे आज जवळपास सारखीच रक्कम गुंतवून पहिल्यात दर सहामाहीस ११,६८४ रुपये ५० पैसे जास्त मिळतात आणि शेवटी १,३०,००० कमी मिळतात.

आता ती जास्तीची सहामाही रक्कम आपण बाजूला काढून ६.५० टक्क्यांनीच वाढवत गेलात, तर पाच वर्षांनी तिचे सुमारे १,३५,५०० होतात. पहिल्या रोख्यासाठी सुरुवातीला ३,९५१ रुपये जास्त मोजले होते, तेही याच दराने वाढवले की ५,४४० होतात. ते वजा केले की उरतात १,३०,०६०. म्हणजे शेवटच्या तुटीइतकेच. वरचे साठ रुपये भाव पैशापर्यंत गोल केल्यामुळे आलेले आहेत. दोन्हींचे वायटीएम सारखे आहे याचा अर्थ नेमका हा.

आपण ते ११,६८४ रुपये खर्च केलेत, तर चूक काहीच नाही. फक्त आपण व्याजाबरोबर मुद्दलही खात आहोत हे माहीत असावे. २०३० मध्ये पुन्हा गुंतवायला दहा लाख नसतील, नऊ असतील.

विजोड

ट्रेझरीतला यांच्याशी मी इथे पूर्ण सहमत नाही. बासष्ट वर्षांच्या माणसाने मुद्दल जसेच्या तसे राखलेच पाहिजे हा आपल्याकडचा हट्ट आहे. पुढची पाच वर्षे फिरण्याची, नातवंडांना चार गोष्टी घेऊन देण्याची आहेत. ज्याला उत्पन्नाबरोबर थोडे मुद्दलही वापरायचे आहे, त्याच्यासाठी शंभराच्या वरचा रोखा म्हणजे सरकारने आखून दिलेली शिस्तशीर उचलच आहे. त्याला करंट यील्ड पाहून रोखा निवडू द्यावा.

ट्रेझरीतला

मुद्दल वापरायला माझा विरोध नाही. मुद्दल किती वापरले जात आहे हे करंट यील्ड सांगत नाही, एवढाच माझा आक्षेप आहे, आणि मुदत जवळ येईल तशी त्याची दिशाभूल वाढत जाते. हाच ९.२० चा रोखा घ्या. बाजार पाचही वर्षे ६.५० वरच राहिला असे धरले, तर शेवटच्या सहामाहीच्या तोंडाशी त्याचा भाव १०१.३१ असेल आणि करंट यील्ड ९.०८ दिसेल. त्या दिवशी तो घेणाऱ्याला परतावा मात्र ६.५० च मिळणार, आणि सहा महिन्यांत पैसे परत. यादी करंट यील्डप्रमाणे लावून वरून पहिला रोखा उचलणारा माणूस अशाच रोख्यावर जाऊन पडतो. खाली भाव असलेल्या रोख्याचे उलटे होते, ५.७७ वाल्याचे करंट यील्ड ५.९५ वरून ५.७९ वर उतरलेले दिसेल, जणू तो बिघडत चालला आहे.

उत्पन्नासाठी काकांनी ५.७७ चा रोखा घेऊन दरसाल थोडी दर्शनी किंमत विकली, तरी तोच परिणाम साधतो. अर्थात विकताना भाव मिळेल तो मिळेल.

विजोड

आणि छोट्या प्रमाणात विकायला बसल्यावर तो किती मिळतो, हेही लिहा. मी दोनदा प्रयत्न करून सोडून दिला आहे. आपोआप येणाऱ्या कूपनाची सोय त्याला नाही.

करंजीकर_सीए

आतापर्यंतचा सगळा हिशोब करापूर्वीचा आहे, आणि या दोन रोख्यांतला खरा फरक तिथे आहे.

ट्रेझरीतला यांनी दाखवले की ४.६० मधले ९८ पैसे मुद्दल आहे. आयकर कायदा वैयक्तिक गुंतवणूकदाराकडे तसे पाहत नाही. संपूर्ण ४.६० व्याज म्हणून आपल्या स्लॅबने करपात्र होते. शेवटी जो ११.३७ चा तोटा दिसतो, तो दीर्घकालीन भांडवली तोटा. तो व्याजातून वजा होत नाही, फक्त दीर्घकालीन भांडवली नफ्यातून होतो, आणि तसा नफा नसेल तर आठ वर्षे पुढे ओढता येतो. ५.७७ च्या रोख्यात मात्र व्याज कमी करपात्र होते आणि शेवटचा ३.०७ चा नफा भांडवली नफा म्हणून १२.५ टक्के दराने करपात्र होतो.

३० टक्क्यांच्या स्लॅबमधला, अधिभार नसलेला माणूस धरला आणि उपकर मिळवला, तर व्याजावर ३१.२ टक्के आणि नफ्यावर १३ टक्के कर जातो. भांडवली तोटा वळता करायला दुसरा नफा नाही असे धरून मी दोन्हींचे करोत्तर वायटीएम काढले. ९.२० च्या रोख्याचे ३.८१ टक्के येते, ५.७७ च्या रोख्याचे ४.५९. करापूर्वी दोन्ही ६.५०!

म्हणजे आकडेमोड यांचा पहिला निष्कर्ष, शंभराच्या वरचा रोखा घेऊ नये हा, वरच्या स्लॅबमधल्या माणसापुरता बरोबर ठरतो. कारण मात्र त्यांनी दिलेले नव्हे.

आकडेमोड

चला, काहीतरी बरोबर निघाले! पण मग बाजारात ९.२० चा रोखा यामुळे स्वस्त का होत नाही?

करंजीकर_सीए

कारण भाव ठरवणारे मोठे खरेदीदार बँका आणि विमा कंपन्या आहेत, आणि बँकेच्या बाबतीत व्याज आणि भांडवली तोटा यांची अशी फारकत होत नाही. आपण त्यांनी ठरवलेला भाव स्वीकारतो आणि आपला कर वेगळा भरतो. कधीकधी जास्त कूपनच्या रोख्याचे वायटीएम ०.०५ ते ०.१० टक्क्यांनी जास्त दिसते, पण वरचा फरक भरून काढण्याइतके नाही.

माणदेशी काकांचे एकूण उत्पन्न किती आहे त्यावर त्यांचे उत्तर ठरेल. नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर सवलतीमुळे कर लागत नाही. तसे असेल तर ९.२० वाल्यावर त्यांचे काही नुकसान नाही. दुसऱ्या रोख्याच्या भांडवली नफ्याला मात्र ती सवलत लागू होत नाही हे लक्षात ठेवावे, रक्कम लहान असली तरी.

सुमेधा_प

शेअरमध्ये ज्यांना दीर्घकालीन नफा झाला आहे, त्यांनी तो या तोट्यातून वळता केला तर? मग ९.२० चा रोखा पुन्हा बरोबरीला येईल का?

करंजीकर_सीए

अंतर कमी होते, पण बरोबरी होत नाही. तोट्यामुळे वाचणारा कर १३ टक्के दराने आणि तोही २०३० मध्ये, तर जास्तीच्या व्याजावरचा कर ३१.२ टक्के दराने आणि आजपासून. शिवाय परतफेडीच्या वेळी दाखवलेला तोटा मान्य करताना अधिकारी कागद मागू शकतात, म्हणून खरेदीची पावती पाच वर्षे जपून ठेवावी लागते.

माणदेशी

सर्वांचे आभार. माझे करपात्र उत्पन्न बारा लाखांच्या बरेच खाली आहे, त्यामुळे कराचा मुद्दा मला फारसा लागू नाही. विजोड यांचे म्हणणे मनाला पटते, ट्रेझरीतला यांचे डोक्याला. सौभाग्यवतींशी बोलून असे ठरवले आहे की दोन्ही रोखे निम्मे निम्मे घ्यायचे, आणि ९.२० वाल्याच्या कूपनमधला मुद्दलाचा भाग वहीत वेगळ्या रकान्यात लिहायचा. निदान किती खाल्ले हे तरी कळेल. खरेदी याच आठवड्यात करेन.

विजोड

निम्मे निम्मे म्हणजे दोघांनाही नाराज न करणे झाले. पण वेगळा रकाना चांगला.

ट्रेझरीतला

घेण्यापूर्वी एवढे करा. ९.२० चा रोखा जुना आहे आणि त्यात रोज फारसे सौदे होत नाहीत. त्यामुळे किरकोळ प्रमाणासाठी विक्रेता सांगेल तो भाव मोठ्या सौद्याच्या भावापेक्षा वर असू शकतो. यादीतले वायटीएम शेवटच्या सौद्याचे असते, ते आपल्याला मिळेलच असे नाही. समोर दिसणारा विक्रीचा भाव वरच्या सूत्रात स्वतः भरून पाहा. १११.३७ ऐवजी ११२.३७ मोजलेत, तर करंट यील्ड ८.२६ वरून ८.१९ होईल आणि काही बदलले असे वाटणारही नाही. वायटीएम मात्र ६.५० वरून ६.२८ वर येईल. त्या भावाला मी तरी तो रोखा सोडून सगळी रक्कम ५.७७ मध्ये टाकेन, किंवा २०३० च्याच आसपास फिटणारा, शंभराच्या जवळ मिळणारा आणि रोज सौदे होणारा एखादा रोखा पाहीन.